काकांच्या खालच्या ओठावरची खपली निघते आणि परत धरते, कोणत्या डॉक्टरकडे न्यावं?

बागवाला_निफाड
नमस्कार मंडळी. माझे काका साठी ओलांडलेले, सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. खालच्या ओठावर मधोमध नाही, जरा डावीकडे, एक खरखरीत पांढरट खपली आहे. मागच्या खुड्याच्या वेळी पहिल्यांदा लक्षात आली म्हणजे वर्ष होत आलं. दात घासताना किंवा भाकरी खाताना निघते, खाली लालसर दिसतं, कधी रक्ताचा ठिपका येतो, मग तीनचार दिवसात परत तशीच खपली. दुखत नाही. म्हणून ते कुणाला दाखवायलाच तयार नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता सांगितली, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली ती लावली की चारआठ दिवस लाली कमी होते आणि मग आहे तसंच.
तंबाखू खात नाहीत, बिडी तरुणपणी होती ती कधीच सोडली. रंगाने गोरे, डोळे घारे, उन्हात लगेच लाल होतात. कानाच्या वरच्या कडेलाही दोन्हीकडे कोरडी खरखर आहे पण ती बऱ्याच वर्षांची.
पिंपळगावला दाखवावं का सरळ नाशिकला? आणि स्किनवाला, दातवाला का कान-नाक-घसावाला, नेमकं कोणाकडे जायचं तेच कळत नाहीये.

सातपूरकर७
अहो थंडीत सगळ्यांचेच ओठ फुटतात. बी कॉम्प्लेक्स सुरू करा, रात्री झोपताना ओठाला आणि बेंबीला तूप लावा. आमच्या वडिलांचं असंच गेलं. आणि कॅन्सरबिन्सर असता तर दुखलं असतं ना, एवढं घाबरू नका.

मीनल_गंगापूररोड
मला हर्पीस वाटतंय. मला दर वर्षी ताप आला की ओठावर फुटतो, आधी चुरचुर, मग पाण्याचे बारीक फोड, मग खपली. मेडिकलमध्ये त्याचं मलम मिळतं.

स्लाइडवाली_मावशी
मी पॅथॉलॉजीत होते, आता रिटायर झालेय. डॉक्टर म्हणून इथे निदान सांगणार नाही, फोटो टाकलात तरी सांगणार नाही. पण हे ऐकून तुपावर थांबू नका एवढं मात्र ठामपणे सांगते.
सातपूरकर, थंडीने फुटलेला ओठ पूर्ण लांबीला फुटतो आणि ऋतू बदलला की भरतो. मीनल, तुमचं वर्णन हर्पीसचं अगदी बरोबर आहे, पण त्याची खपली आठदहा दिवसात पडते आणि खाली नवी कातडी आलेली असते. इथे एकच जागा आहे, वर्षभर तीच जागा, आणि दर वेळी खाली कच्चंच. ओठावरची कुठलीही जखम तीन आठवडे झाले तरी भरत नसेल तर ती दाखवायचीच. दुखण्यावर जाऊ नका, हा आजार सुरुवातीला बहुतेक दुखत नाही आणि म्हणूनच लोक उशिरा येतात.
बागवाला, मला तीन गोष्टी सांगा. एक, स्वच्छ हाताने ओठ चिमटीत धरा, अंगठा बाहेरून आणि बोट आतून, आणि खपलीच्या जागी बाकीच्या ओठापेक्षा घट्ट, जाडसर काही लागतं का बघा. दोन, ओठाचा लाल भाग जिथे संपतो आणि दाढीची कातडी सुरू होते ती रेघ नीट दिसते का पुसट झालीय. तीन, हनुवटीखाली आणि जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का. खपली मुद्दाम ओरबाडून काढू नका.
स्किनवाल्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. आणि ती ट्यूब सोबत न्या, नुसतं नाव सांगू नका, कारण मेडिकलवाले देतात त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली बसते आणि बघणाऱ्यालाही वाटतं बरं होतंय.

पंचवटी_भाऊ
माझ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा आहे आणि तोंड दोन बोटं एवढंच उघडतं, तिखट लागलं की आग होते. पुडी होती आधी, आता कमी केलीय. म्हणजे मला पण हेच का?

स्लाइडवाली_मावशी
भाऊ तुमचं हे नाही, पण तुमचं जास्त तातडीचं आहे. इथे आपण ओठाच्या बाहेरच्या कोरड्या भागाबद्दल बोलतोय, त्याचा मोठा दोषी ऊन. तुमचं आतलं, त्याचा दोषी पुडीतली सुपारी आणि तंबाखू. तोंड उघडायचं कमी होणं हे स्वतःच लक्षण आहे. या आठवड्यात दातांच्या कॉलेजच्या ओपीडीत किंवा सिव्हिलला तोंड दाखवा. आणि कमी केलीय म्हणजे चालूच आहे, ती बंद करा. नवा धागा काढा, तिथे बोलू.

आडगाव_इंजिनियर
एक शंका. स्किन कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार ना? ऑस्ट्रेलियात वगैरे. आपल्या कातडीत मेलॅनिन असतं त्यामुळे आपल्याला होत नाही असं वाचलंय.

स्लाइडवाली_मावशी
अर्धं बरोबर. आपल्याकडे खूप कमी होतो हे खरं आहे, माझ्या टेबलावर महिन्यात तोंडाच्या आतले ढिगाने यायचे आणि कातडीचे मोजकेच. पण ओठाचा लाल भाग कातडीसारखा नसतो. तिथे वरचा थर पातळ असतो, रंगद्रव्य कमी, तेलाच्या ग्रंथी नाहीत म्हणून स्वतःचं तेलही नाही. त्यात खालचा ओठ पुढे आलेला असतो, डोक्यावरचं ऊन सरळ त्याच्यावर पडतं. वरच्या ओठाला नाकाची आणि मिशीची सावली असते. ओठाचे जे कॅन्सर होतात त्यातले दहातले नऊ खालच्या ओठावर असतात ते यामुळेच.
कानाचंही असंच. बायकांचे कान केसांत, पदरात, स्कार्फमध्ये झाकलेले. पुरुषांचे उघडे, आणि कानाची वरची कड तर उन्हात तापणारी पहिली जागा. आपल्या गांधी टोपीला कड नाही हो. डोकं झाकतं, कान आणि ओठ मोकळेच. शेतात चाळीस वर्षं टोपी घातलेला माणूस म्हणतो मी तर कधी उघड्या डोक्याने गेलो नाही, आणि ते खरंच असतं.
शिवाय सावळ्या माणसाला हा कॅन्सर उन्हापेक्षा दुसऱ्याच कारणाने जास्त होतो. जुना भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, डिस्कॉइड ल्युपसचे जुने चट्टे. ल्युपसचे चट्टे तर नेमके ओठावर आणि कानाच्या खोबणीत येतात, रंग गेलेले, मधे खोल. जन्मजात रंग नसलेली मुलं असतात ना, पांढरे केस, त्यांना तर विशी-तिशीतच होऊ शकतो, त्यांच्या आईबापांना हे कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

इंदिरानगर_सून
मावशी म्हणतात त्यात अजून एक जोडते, किडनी बदललेले लोक. माझे मिस्टर. ट्रान्सप्लांटला बरीच वर्षं झाली, अझाथायोप्रिन चालू होती. कानाच्या कडेला चामखिळीसारखं आलं, वर टोकदार शिंगासारखी कडक खपली, आम्ही कपड्यात अडकून निघते म्हणून दुर्लक्ष केलं. पण ते भराभर वाढलं, साधी चामखीळ असं करत नाही. किडनीच्या डॉक्टरांनी एका व्हिजिटला सहज कान बघितला आणि त्याच दिवशी स्किनला पाठवलं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कातडीचाच कॅन्सर. कानाचा पाचरीसारखा तुकडा काढून टाके घातले, आता कान थोडा लहान दिसतो एवढंच. नंतर त्यांनी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बदलून दिल्या, पण ते सगळं किडनीवाल्यांनी ठरवलं. स्वतः गोळी बंद केली तर किडनी जाते, हे कोणी विसरू नका.
आमचे हे सावळे आहेत बरं का, आणि शेतात कधी गेले नाहीत, बँकेत होते.

बागवाला_निफाड
मावशी, बघितलं. खपलीच्या खाली घट्ट लागतंय, साधारण हरभऱ्याएवढं. रेघ डावीकडे पुसट आहे, उजवीकडे नीट दिसते. गाठ मला तरी लागली नाही. काका म्हणतात तू डॉक्टर झालास का.
एक विचारू का, फवारणीने झालं असेल का? इतकी वर्षं बागेत औषधं मारली, तोंडाला नुसतं उपरणं.

स्लाइडवाली_मावशी
घट्ट लागतंय तर आता वाट बघू नका, या आठवड्यात न्या.
फवारणीचं म्हणाल तर द्राक्षाशी याचा एक खरा इतिहास आहे. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या बागांमध्ये पूर्वी आर्सेनिकची औषधं मारायचे, १९४२ मध्ये त्यावर बंदी आली. त्या बागायतदारांना नंतर अंगभर कातडीचे कॅन्सर झाले, तळहातांवर टाचणीच्या डोक्याएवढे कडक दाणे यायचे, आणि फुफ्फुसाचे, लिव्हरचेही झाले. पण आपलं बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्यात आर्सेनिक नसतं. काकांच्या तळहाताला तसे दाणे आहेत का बघा. नसतील तर फवारणीच्या मागे जाण्यापेक्षा उन्हाकडेच बोट दाखवेन. बिडीचाही वाटा असू शकतो, बिडी ओठाच्या एका ठरावीक जागी धरतात. कुठे धरायचे विचारा.

बागवाला_निफाड
डावीकडे 😐 तळहात साफ आहेत.

चांदवड_पोपट
मी म्हणतो बायप्सी करूच नका. सुरी लागली की पसरतो. आमच्या गावात एकाची बायप्सी केली आणि सहा महिन्यात खेळ खलास. आयुर्वेदिक लेप असतो, खपली जाळून टाकतो.

स्लाइडवाली_मावशी
पोपटराव, तो माणूस बायप्सीने नाही गेला, आजार आधीच पसरलेला होता म्हणून गेला. अशा कातडीच्या बायप्सीने तो पसरतो याला आधार नाही. आणि लेपाचं कृपा करून कुणाला सांगू नका. तो वरचा भाग जाळतो, वर कातडी धरते, खाली आजार तसाच वाढतो आणि मग आमच्याकडे येतो तेव्हा हनुवटी बधिर झालेली असते, म्हणजे नसेपर्यंत पोचलेला.

बागवाला_निफाड
अपडेट. नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी ओठ बधिर करून वरून ब्लेडने पातळ चकती काढली, टाका नाही, लगेच घरी. रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय की वरच्या थरात पेशींमध्ये बदल आहेत, डिस्प्लेझिया, आणि शेवटी "तळाचा भाग नमुन्यात नाही, खोलवर शिरकाव आहे का नाही सांगता येत नाही". डॉक्टर म्हणतात परत करू, या वेळी खोल. काकांनी हात वर केले, एकदा झालं ना कॅन्सर नाही आला ना मग बास. घरात पण दोन पार्ट्या पडल्यात.

सातपूरकर७
बघा, मी म्हणत होतो! कॅन्सर नाही आला. उगाच घाबरवलं माणसाला.

स्लाइडवाली_मावशी
कॅन्सर नाही असं रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नाही. ती शेवटची ओळ परत वाचा.
मी सांगते आमच्या टेबलावर काय होतं. फॉर्मलिनच्या बाटलीत पापडाच्या तुकड्याएवढी चकती येते. स्लाइड केली की दिसतो वरचा जाडजूड केराटिनचा थर, म्हणजे तीच खपली, आणि त्याखाली पेशींची एक झालर, आणि तिथेच तुकडा संपतो. आता निदान कशावर ठरतं, तर या बिघडलेल्या पेशी त्यांची खालची सीमा ओलांडून आत उतरल्यात का यावर. सीमाच नमुन्यात नसेल तर मी काय सांगणार? सीमेच्या वर असेल तर कॅन्सरच्या आधीची पायरी, ओलांडली तर कॅन्सर. फक्त वरचं बघून दोन्ही सारखंच दिसू शकतं.
ही खपली जखम वाळून धरलेली खपली नाही, हे लक्षात घ्या. त्या बिघडलेल्या पेशी स्वतःच केराटिन तयार करत राहतात, म्हणून काढली की परत येते. नुसती खपली पाठवली तर आम्ही त्या कारखान्याचा फक्त माल बघतो.
काकांच्या ओठात बोटाला घट्टपणा लागतोय. अशा वेळी बायप्सी त्या घट्ट जागेतून, खालच्या मऊ भागापर्यंत जाईल अशी हवी. तीनचार मिलिमीटरची गोल नळी असते, पंच म्हणतात, तिने किंवा सुरीने छोटी पाचर काढून. एखादा टाका पडेल. इंजेक्शन टोचतं तेवढंच दुखतं. आणि नमुन्यासोबतच्या कागदावर डॉक्टरांनी "एक वर्ष, खाली घट्ट, आधी स्टिरॉइड लावलंय" हे लिहायला सांगा. नुसतं "ओठाचा तुकडा" लिहून येतं तेव्हा आम्ही अंधारात असतो.

इंदिरानगर_सून
काकांना माझ्या मिस्टरांशी फोनवर बोलायचं असेल तर व्यनि करा. पुरुष पुरुषाचं ऐकतो.

ओझर_रात्रपाळी
मधेच घुसतोय. माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला मटारपेक्षा लहान गाठ, वर खपली, आणि त्या कुशीवर झोपलं की कळ येते, झोपमोड होते. ड्युटीत हेडफोनचा बँड पण तिथेच बसतो. वय ४४, सावलीतलं काम. हे वाचून आता झोपच उडाली.

स्लाइडवाली_मावशी
झोपायच्या कुशीचा कान, दाबलं की जीव जातो अशी कळ, मधे बारीक खपली, हे बरेचदा कानाच्या कुर्चेला दाब बसून होणारं दुखणं असतं, कॅन्सर नव्हे. उशीला कानाच्या जागी भोक पाडून किंवा दुसऱ्या कुशीवर झोपून काही आठवड्यात फरक पडतो. गंमत म्हणजे इथे दुखणं हे त्यातल्या त्यात चांगलं लक्षण. पण दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की मी स्लाइडवर बघितल्याशिवाय पैज लावणार नाही. बँड बदला, महिनाभरात बसलं नाही किंवा वाढलं तर तुकडा तपासा.

बागवाला_निफाड
इंदिरानगर ताईंच्या मिस्टरांचे खूप आभार, काका तयार झाले. दुसरी बायप्सी खोल झाली, एक टाका. रिपोर्ट: वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. घरी सगळे गप्प आहेत. आत्ता मला एवढंच विचारायचंय की वेल म्हणजे चांगला का? आणि मुंबईला टाटाला न्यायचं का?

स्लाइडवाली_मावशी
वेल म्हणजे पेशी अजून मूळ कातडीच्या पेशींसारख्या दिसतात, गोल गोल थरात केराटिनचे मोती करतात. अशा प्रकारात पसरण्याची घाई सहसा कमी असते. चांगला म्हणायला जीभ धजत नाही, पण त्यातल्या त्यात हाच हवा.
तरीही ओठ आणि कान या दोन जागा आम्ही जास्त जोखमीच्या धरतो. बाकी कातडीवरचा हाच कॅन्सर शंभरातल्या दोनपाच जणांत गाठींपर्यंत जातो, ओठाकानाचा जुन्या आकडेवारीत शंभरात दहाच्या आसपास. ते आकडे मोठ्या हॉस्पिटलांत आलेल्या, म्हणजे बऱ्याचशा वाढलेल्या केसेसचे आहेत, काकांना जसेच्या तसे लावू नका. ओठाचं पाणी आधी हनुवटीखालच्या आणि जबड्याखालच्या गाठींत उतरतं, कानाचं कानापुढच्या लाळग्रंथीत आणि मानेच्या वरच्या भागात. म्हणून ऑपरेशनआधी मानेची सोनोग्राफी, आणि गाठ संशयास्पद दिसली तर त्यात सुई घालून तपासणी.
एवढ्या लहान ओठासाठी टाटालाच जावं असं नाही. नाशिकमध्ये डोकं-मानेचे कॅन्सर सर्जन आहेत, ते रोजच तोंडाची कामं करतात. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, आधी विचारा, ऑपरेशननंतर नाही.

थिएटर_सिस्टर
वाचत होते, आता लिहिते. मी अशा ऑपरेशनना उभी राहते. काकांना सांगा की ओठ अर्धा जाणार वगैरे नाही. खालच्या ओठाचा तिसरा हिस्सा गेला तरी दोन कडा सरळ जोडता येतात, ओठ ताणतो. दिसणाऱ्या आजाराभोवती चारसहा मिलिमीटर चांगला भाग धरून व्ही आकाराची पाचर काढतात. आमच्याकडे सर इंजेक्शन द्यायच्या आधी ओठाच्या त्या रेघेवर दोन्ही बाजूंना निळ्या शाईने खूण करतात, कारण औषधाने ओठ फुगला की रेघ कुठे होती तेच कळत नाही, आणि जोडताना रेघ एक मिलिमीटर जरी खालीवर झाली तरी आयुष्यभर दिसते. आधी आतले स्नायूचे टाके, मग पहिला बाहेरचा टाका बरोब्बर त्या खुणेवर.
नंतर काही दिवस पातळ खाणं, कपाने प्यायला त्रास होतो, स्ट्रॉ नका देऊ, ओढताना ताण येतो. टाके आठवड्याच्या आसपास. ओठ थोडा बधिर राहतो काही महिने, गरम चहा सांभाळून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतः बंद करू नका.

बागवाला_निफाड
सिस्टर, हे वाचून दाखवलं काकांना. पहिल्यांदा हसले, म्हणे रेघ सरळ ठेवा म्हणावं, आमच्या बागेतली तार पण वाकडी चालत नाही.
ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, रक्त पातळची नाही. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, त्याचं काही?

आडगाव_इंजिनियर
त्याचं मी वाचलंय! डेन्मार्कचा अभ्यास, २०१७. ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ओठाचा कॅन्सर जास्त दिसला. लगेच बंद करा.

स्लाइडवाली_मावशी
इंजिनियर साहेब, वाचलंत ते बरोबर, बंद करा हे चूक. त्या गोळीने कातडी उन्हाला जास्त हळवी होते आणि डेन्मार्कच्या आकड्यांत संबंध दिसला, पण ते गोऱ्या लोकांचे आकडे. बीपी वर गेलं तर ऑपरेशनच पुढे ढकलतील. बीपीच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि बदलता येईल का विचारा.

बागवाला_निफाड
झालं ऑपरेशन. थोडं उशिरा लिहितोय. सोनोग्राफीत गाठी साध्या निघाल्या. फायनल रिपोर्ट असा: आकार १.१ सेंमी, खोली ३ मिमी, सगळ्या कडा मोकळ्या, सर्वात जवळची कड ४ मिमी, नसेभोवती आजार नाही. कानावरच्या खरखरीचा पण एक तुकडा घेतला होता, तो कॅन्सर नाही, आधीची पायरी निघाली. तिथे लिक्विड नायट्रोजनने गोठवलं, फोड आला, काळं होऊन पडलं. ओठाचा उजवा भाग पण थोडा रखरखीत आहे, त्यावर पुढे क्रीम देऊ म्हणालेत.
आता वाद मानेचा. एका सर्जनचं म्हणणं दर तीन महिन्यांनी येऊन मान तपासायची, बास. पाहुण्यांमधले एक डॉक्टर आहेत ते म्हणतात मानेच्या गाठी आत्ताच काढून टाका, नंतर पश्चात्ताप नको.

स्लाइडवाली_मावशी
दोन सेंटीमीटरच्या आत, खोली ३, नस मोकळी, सोनोग्राफी साफ. अशा केसमध्ये मान उघडावी असं बहुतेक सर्जन म्हणणार नाहीत, खांद्याला त्रास, जबड्याखालच्या नसेला धोका, हे सगळं फुकट. पण मी काचेखालची बाई, मानेवर हात ठेवणारी नाही.

थिएटर_सिस्टर
आमच्या सरांकडे पण अशांना नजरेखाली ठेवतात. पण एक पेशंट होते, लहानच ओठ, तपासणीला आलेच नाहीत, बाग सोडून कोण येणार म्हणत, आणि वर्षाने जबड्याखाली लिंबाएवढी गाठ घेऊन आले. तुमचे पाहुणे डॉक्टर कदाचित असंच काही बघून बोलत असतील. काका खरंच दर तीन महिन्यांनी येणार का ते तुम्ही ठरवा, पहिली दोन वर्षं महत्त्वाची.

बागवाला_निफाड
खरं सांगू तर ऑक्टोबर छाटणीत ते येतील का याची मलाच खात्री नाही. पाहुण्यांना अजून काही कळवलं नाहीये.

इंदिरानगर_सून
तारखा तुमच्या मोबाईलमध्ये लावा, काकांच्या भरवशावर नको. आणि प्रत्येक वेळी दोन्ही कान आणि उरलेला ओठ पण बघायला सांगा, आमच्या ह्यांना दुसऱ्या कानावर नंतर परत एक निघाला होता.

सातपूरकर७
टोपीचं काय करणार मग? चहूबाजूंनी कड असलेली हॅट मिळते कॉलेजरोडला.

बागवाला_निफाड
आणली. मजुरांनी "साहेब आले" म्हणून चिडवलं, दुसऱ्या दिवशी परत गांधी टोपी. सध्या टोपीच्या वरून उपरणं कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात, आणि ओठाला एसपीएफ ३०ची कांडी, ती पण चहा प्यायल्यावर पुसली जाते म्हणून पुतण्या मागे लागतो.

दिंडोरी_लेक
पूर्ण धागा आत्ता वाचला. माझ्या वडिलांच्या डाव्या कानाच्या कडेला अशीच खपली आहे, ते रोज अंघोळीत दगडाने घासून काढतात. लहानपणी चुलीवर भाजल्याचा व्रण आहे नेमका तिथेच. सावळे आहेत. दुखत नाही. घासणं बंद करू का डॉक्टरांना आधी दाखवू?

स्लाइडवाली_मावशी
घासणं आजपासून बंद, आणि दाखवायलाही या आठवड्यातच. जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवीन खपली धरली तर ती उन्हाच्या खपलीपेक्षा जास्त त्रासदायक निघू शकते, रंग कोणताही असो. जायच्या आधी कानापुढे आणि मानेत गाठ लागते का बघून ठेवा, आणि व्रण किती वर्षांचा आहे ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. वडिलांना शुगर आहे का?